मान्य आहे, फक्त फोड लेखी द्यावी

चष्म्याच्या काचा घडवणाऱ्या त्या कारखान्यात शेवटचं टेबल तिचं होतं. घासून, पॉलिश होऊन, लेप चढून, फ्रेममध्ये बसून आलेली प्रत्येक जोडी आधी तिच्या हाताखालून जायची आणि मगच डबीत पडायची. ती काच कधी दिव्यासमोर सरळ धरत नसे. मागे काळं कापड ठेवी, काच जरा कलती करी, आणि केसाएवढा ओरखडा असला तरी तो आपणहून उठून समोर येई. म्हणून सगळे तिला घार म्हणत. कुणी टोमणा म्हणून ठेवलेलं नाव पुढे लाडाचं झालं, आणि लाडाचं नाव माणसाला कातडीसारखं चिकटतं.

ही नजर तिला देवाने दिली नव्हती, मास्तरांनी दिली होती. मास्तर म्हणजे सेक्शनचे प्रमुख. ती पहिल्यांदा या खोलीत आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने एक महागडी जोडी फरशीवर पाडली होती. मास्तरांनी तुकडे स्वतः गोळा केले आणि वर कळवलं की माझ्या हातून पडली. मग तिच्या खांद्यामागे उभे राहून म्हणाले, "काचेकडे बघायचं नाही, काचेतूनही बघायचं नाही. काचेवरून नजर घसरू द्यायची. जिथे अडेल तिथे दोष." त्या दिवसापासून तिची नजर अडत गेली आणि मास्तरांवरचा जीव मात्र कुठेही न अडता वाहत राहिला. वडील नसलेल्या घरातून आलेली पोर. सावली दिसली की झाड कुणाचं हे ती विचारत नाही.

त्या सेक्शनमध्ये एक रीत होती. वरच्या मजल्यावर कुणाचाही कागद जायचा तो मास्तरांच्या हातून. रजेचा अर्ज असो, तक्रार असो, उत्तर असो. मास्तर वाचत, खाली दोन शब्दांचा शेरा मारत आणि गठ्ठा करून पाठवत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. एकदा पॉलिशवाल्याने रागाच्या भरात साहेबांना असं काही पत्र लिहिलं होतं की ते वर गेलं असतं तर त्याची नोकरी खाली आली असती. मास्तरांनी ते फाडलं, त्याला चहा पाजला आणि नवं पत्र स्वतः सांगून लिहून घेतलं. तेव्हापासून लोक म्हणत, मास्तरांच्या चाळणीतून गेलेला कागद बाधत नाही. ज्याने चाळणी धरली आहे त्याला पीठ कोणतं नि कोंडा कोणता हे ठरवायचाही हक्क मिळतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. हक्क असा कडेकडेनेच येतो, वाजतगाजत येत नाही.

तर एके दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर एक पाकीट आलं. पगाराची रचना बदलली आहे, असं आतल्या पत्रात होतं. एकूण रकमेत कोणताही बदल नाही. पुढच्या महिन्यापासून नवी रचना लागू. आपली संमती कळवावी. खाली एकच आकडा, तोही जुनाच. काचा कडेला कापून फ्रेममध्ये बसवणारी बाई पाकीट हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे नवरा तोच, टोपी नवी." सगळे हसले. मास्तर मशीनांमधून फिरत सांगत होते की घाबरायचं कारण नाही, दोन ओळीत मान्य लिहा आणि माझ्याकडे द्या, एकगठ्ठा पाठवतो. घारीच्या टेबलापाशी ते जरा जास्त थांबले, तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि पुढे गेले. तिला वाटलं, त्या दुसऱ्या गोष्टीमुळे थांबले असतील.

ती दुसरी गोष्ट कारखान्यात फक्त मास्तरांना ठाऊक होती. घारीच्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी होत चालल्या होत्या. त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बंद पडलं होतं, आठवड्यातले तीन दिवस इस्पितळातल्या यंत्राला बांधलेले होते आणि घर चालत होतं ते बहिणीच्या पगारावर. तिच्या तपासण्या झाल्या होत्या. तिची किडनी त्याला चालणार होती. डॉक्टरांनी तिला तीन महिने काम करायचं नाही असं बजावलं होतं. भाऊ आधी ऐकायलाच तयार नव्हता. मग एका अटीवर तयार झाला. तो म्हणाला, "तुझी किडनी घेईन, ताई. पण तुझा पगार बुडणार असेल तर नाही. किडनी आपल्याकडे दोन-दोन असतात, पगार एकच आहे."

विनोदात बोलला, पण त्याचा विनोद म्हणजे मखमलीत गुंडाळलेला खिळा. त्याने एकदा ठरवलं की ठरवलं. दुखण्यात माणसाचं सगळं जातं, हट्ट तेवढा मागे राहतो.

कंपनीत लांबच्या आजारी रजेला पूर्ण पगार मिळे, असा नियम होता. घारीने मास्तरांना कोपऱ्यात गाठून सगळं सांगितलं, नियम तसाच आहे ना म्हणून विचारलं. मास्तरांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, जा, पगाराची काळजी करू नकोस. फक्त इतक्यात कुणाला बोलू नकोस, वरच्यांना आधी कळलं की उगाच नाट लागते. तिने ते शब्द घरी नेले आणि भावाला दिले. त्याने इस्पितळाच्या कागदावर सही केली. त्यांच्या घरात मग बरेच दिवस ताटावर बसताना बोलणं ऐकू येऊ लागलं होतं.

पाकीट आलं त्या संध्याकाळी तिने ते भावजयीसमोर ठेवलं. भावजय वाचून म्हणाली, वन्सं, आकडा तोच आहे, मग पत्र कशाला? हा प्रश्न भावाने उचलला. तो खिडकीपाशी पाय पसरून बसला होता. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला की एकूण आकडा म्हणजे झाकली मूठ. आत कायमचा पगार किती, कामगिरी बघून देणार तो किती, भत्ते किती, हे कुठे आहे? मशीन बाहेरून तेच दिसतं, आतला पट्टा बदलला की टाका बदलतो.

घार चिडली. मास्तरांनी स्वतः सांगितलंय, म्हणाली. ते या कागदावर डोळे झाकून सही कर म्हणाले तरी मी करीन.

"मास्तरांवर माझाही विश्वास आहे," भाऊ म्हणाला. "मग अडचण काय? ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याकडेच कागद मागायला सोपं जातं."

रागारागाने तिने भांडी घासली, मग हात पुसून लिहायला बसली. भाऊ मध्ये मध्ये शब्द सुचवत होता, भावजय शुद्धलेखन बघत होती, आणि तिघांनी मिळून एक छोटंसं उत्तर तयार केलं:

‘नव्या पगाररचनेला माझी संमती आहे. विनंती एवढीच की एकूण रकमेपैकी कायम पगार किती, कामगिरीनुसार बदलणारा भाग किती आणि भत्ते कोणकोणते व किती, तसेच प्रत्येक भाग कोणत्या अटीवर मिळेल, याची फोड लेखी द्यावी.’

लिहून झाल्यावर तिला ते जरा उद्धट वाटलं. भावजय म्हणाली, कुठे उद्धट आहे? पाहुण्याने जेवण वाढून घेतलं आणि मीठ कुठे आहे विचारलं, इतकंच आहे.

दुसऱ्या दिवशी तिने ते मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं तेव्हा मान हलवली. दुसऱ्यापाशी त्यांचे डोळे थांबले. चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. मग त्यांनी विचारलं की हे दुसरं वाक्य कशाला, वर वाटेल आपला विश्वास नाही. ती ओशाळली. भावाला हवंय, म्हणाली, आजारी माणसाचा हट्ट आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. मास्तर म्हणाले, बरं, पाठवतो. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. बाकीच्यांचे कागद टेबलावरच्या गठ्ठ्यात होते.

तिच्या नजरेने ते टिपलं. ओरखडा दिसला की बोट आपोआप लाल मेणाच्या पेन्सिलीकडे जातं, तसं मन कशाकडे तरी गेलंही. पण मास्तरांवर खूण कशी करायची? तिने मान खाली घातली आणि पुढची जोडी उचलली.

तिची आई शिलाई मशीनच्या चाकाच्या घरघरीत गुणगुणायची. ती दोन ओळी फिरवून फिरवून म्हणायची:

*परक्या गं चोरासाठी दाराला लावली कडी,*
*घरच्या गं माणसापुढं कडी ती बापुडी.*

घारीला या ओळी लहानपणी कळल्या नव्हत्या. चाल तेवढी लक्षात होती.

दिवस जात राहिले. फोड काही आली नाही. दोनदा तिने मास्तरांना विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, वरच्यांची गाडी बैलगाडी आहे, येईल. इकडे इस्पितळाने तारीख दिली. आता रजेचा अर्ज द्यायला हवा होता, आणि भाऊ रोज संध्याकाळी ती चपला काढायच्या आत विचारी, "आली का फोड?" त्याने इस्पितळाला अजून अखेरचा होकार कळवला नव्हता. घरातलं ताटावरचं बोलणं पुन्हा कमी झालं.

एका दुपारी मास्तर दुसऱ्या कारखान्यात गेले होते. घार जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदाच एकटी जिना चढून पगार विभागात गेली. तिथे खिडकीपाशी एक तरुण मुलगी बसत असे. खालचे लोक तिला पगारवाली म्हणत. बोलायला फटकळ, पण कामाला चोख. घारीने आपल्या उत्तराबद्दल विचारलं. पगारवालीने संगणकात बघितलं, मग एक यादी काढली.

"तुमचं आलंय की, ताई. मान्य आहे म्हणून."

"आणि फोड मागितली होती ती?"

फोडीबद्दल काही आलेलं नव्हतं. तुमच्या सेक्शनचे कागद आलेच नाहीत, पगारवाली म्हणाली. फक्त नावांची यादी आली आहे, प्रत्येक नावापुढे मान्य, खाली सेक्शन प्रमुखांची सही. लेप चढवणाऱ्या खोलीतल्या लोकांनी सरळ आमच्याकडे कागद दिले होते, त्यातल्या ज्यांनी ज्यांनी फोड मागितली त्यांना त्याच आठवड्यात दिली. मागितली की द्यावीच लागते. तुम्ही मागितली असती तर तुम्हालाही मिळाली असती.

आधी घारीला वाटलं, कागद हरवला असेल. चांगल्या माणसाबद्दल वाईट कळलं की आपण पहिल्यांदा त्याला विसराळू करून बघतो. मग तिला तो खिसा आठवला.

पगारवालीला तिची दया आली असावी. तिने खुर्ची पुढे सरकवली आणि हलक्या आवाजात समजावून सांगितलं की रचना म्हणजे काय झालं आहे. एकूण रक्कम तीच, पण ती पूर्ण महिना हजर राहिलात आणि ठरलेलं काम पूर्ण केलंत तर. पूर्वी तुमचा जवळपास सगळा पगार कायम होता. आता त्याचे तीन भाग. कायम पगार, तो तुम्ही आजारी रजेवर असलात तरी येतो, आणि नोकरी संपताना मिळणारी रक्कमही त्याच्यावरच ठरते. कामगिरीचा भाग, तो तीन महिन्यांनी, काम बघून. आणि हजेरी भत्ता. तो आलात त्या दिवसाचा, न आलात त्या दिवसाचा नाही. प्रत्येक सेक्शनच्या कायम पगाराला वरून एक मर्यादा घालून दिली होती. ती कोणाच्या पगारातून कशी साधायची ते प्रमुखांनी सुचवायचं होतं.

"म्हणजे माझी विभागणी कुणी केली?"

"तुमच्या मास्तरांनी," पगारवाली म्हणाली, आणि लगेच, बोलले तर बोलले अशा चेहऱ्याने, पुढचंही सांगितलं. त्यांच्या सेक्शनमध्ये बाकी सगळ्यांचा कायम पगार जवळजवळ होता तसाच ठेवला होता. एकट्या घारीचा निम्म्यावर आला होता. उरलेला बहुतेक सगळा हजेरी भत्त्यात.

हजेरी भत्ता. तीन महिने जी येणार नाही, तिला हजेरी भत्ता. आणि ती येणार नाही हे या जगात एकालाच माहीत होतं.

माणसाला सुरी लागते तेव्हा आधी गार वाटतं म्हणतात. तिला तसंच गार वाटलं. जिना उतरून ती खाली आली. टेबलावर येऊन तिने एक जोडी दिव्याखाली धरली आणि तिला काहीही दिसेना. काच स्वच्छ होती की डोळे भरले होते, हे तिलाच कळेना. जोडी तशीच ठेवून दिली. त्या दुपारी तिच्या टेबलावर ट्रे साठत गेले. कडा कापणारी बाई म्हणाली, घारी, आज झोप लागली का गं? तिने ट्रे नुसता बाजूला सरकवला.

मास्तर परतले ते थेट कोठारात गेले. ती त्यांच्या मागे गेली. कोऱ्या काचांची खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि मध्ये दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा होती. तिने दार लोटलं. काय विचारायचं हे तिने ठरवलं होतं, पण तोंडून वेगळंच निघालं. ती म्हणाली, "माझा कागद द्या, मास्तर."

त्यांनी कोणता म्हणून विचारलं नाही. एवढ्यावरूनच तिला सगळं कळलं. ते एका खोक्यावर बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. मग बोलू लागले. वरून सांगितलं होतं की सेक्शनचा कायम खर्च इतका खाली आणा, नाही तर एक माणूस कमी करा. पॉलिशवाल्याला तीन मुलं. कडा कापणारीचं घर कर्जावर, बँक फक्त कायम पगार धरते, तिचा कमी झाला असता तर तिला बँकेने दारात उभं केलं नसतं. प्रत्येकापाशी काही ना काही होतं. रात्रभर आकडे फिरवले, म्हणाले. फिरून फिरून तुझ्यावरच येत होते.

"माझ्यापाशी काही नव्हतं?" तिने विचारलं.

ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले की तू तीन महिने नसणार, त्या काळात तुझ्या टेबलावर हंगामी माणूस लागणार. तुझा हजेरी भत्ता वाचेल त्यातून त्याचं भागेल, सेक्शनवर बोजा येणार नाही, असा हिशेब बसत होता. नंतर हळूहळू तुझा कायम पगार वाढवून घेणार होतो. शपथेवर.

म्हणजे त्यांनी तिच्या गुपितातूनच आकडा काढला होता. तिने भरल्या डोळ्यांनी त्यांच्या ओंजळीत टाकलेली गोष्ट त्यांनी वजनकाट्यावर ठेवली होती.

"बाकीच्यांचं काहीतरी बुडालं असतं म्हणून मला निवडलंत," ती म्हणाली. "मी का पण?"

मास्तरांनी खोक्यावरची धूळ बोटाने पुसली. "तू विचारणार नाहीस, असं वाटलं," ते म्हणाले.

घारीला वाटलं होतं की ते खोटं बोलतील. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, तिला भांडता आलं असतं. हे खरं होतं आणि खऱ्याला धरायला कुठे मूठ नसते. इतकी वर्षं जो विश्वास तिने हातावर घेऊन यांच्यासमोर धरला होता, तोच त्यांना सगळ्यात स्वस्त पडला होता. जिथे भिंत सगळ्यात मऊ तिथेच पहार घालतात.

"समोर बसवून मला विचारलं असतंत," ती म्हणाली, "तर मी काहीतरी वाटा उचलला असता. सगळ्यांनी थोडा थोडा उचलला असता."

"तू हो म्हणाली असतीस, हे माहीत होतं मला. त्या होचीच भीती वाटली. मग तुझ्या डोळ्यांत बघून आकडा लिहावा लागला असता."

त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून घडी. ती घडी त्यांनी फाडली नव्हती की टाकली नव्हती. इतके दिवस छातीशी घेऊन फिरत होते. एखादीला यातही माया दिसली असती. तिने कागद घेतला. मास्तर म्हणाले, हा वर गेला तर आकडे पुन्हा मांडायला लागतील, कुणाचं तरी कमी होईल, लोक तुला बोल लावतील. ते तिला भीती घालत नव्हते, जे होणार तेच सांगत होते. ती दारापाशी थांबली. पहिल्या दिवशी फरशीवर पडलेली जोडी, तुकडे गोळा करणारे हे हात, सगळं एकदम तिच्यासमोर आलं. पण ती दार ढकलून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ती वर गेली. पगारवालीने यादी तिच्यासमोर धरली आणि विचारलं, यात तुमची सही कुठे आहे? नाही. पगार तुमचा, मग मान्य म्हणणारं दुसरं कोण? दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं मान्य मी धरत नाही, तुमचं उत्तर अजून यायचंय असं लिहिते. जुना कागद घडीवर विरला होता. घारीने तिथेच कोरा कागद मागून तीच वाक्यं पुन्हा लिहिली, आणि पहिल्या वाक्यात थोडा बदल केला: ‘एकूण रकमेला माझी संमती आहे. तिच्या विभागणीला, फोड लेखी मिळाल्यावर, माझं उत्तर स्वतंत्र कळवीन.’ खाली सही. पगारवालीने तिच्या प्रतीवर पोहोच म्हणून शिक्का मारला. तो शिक्का पडल्याचा आवाज तिला फार मोठा वाटला. मास्तरांच्या शेऱ्याशिवाय गेलेला तिचा तो पहिला कागद.

फोड आली. पगारवाली म्हणाली होती तशीच होती. पण कागदावर आल्यावर त्या विभागणीची लाज वाटण्याची पाळी वरच्यांवर आली. वरच्या साहेबांनी घारीला बोलावलं. ते मास्तरांहून तरुण, घाईतले आणि गोड बोलणारे गृहस्थ होते. मर्यादा हलणार नाही, त्यांनी आधीच सांगून टाकलं. तिने मर्यादेबद्दल काही म्हटलंच नाही. तिने रजेचं सांगितलं, कारणही सांगितलं, आणि विचारलं की मंजूर आजारी रजेचा दिवस हजेरीत धरायचा की गैरहजेरीत, हे फोडीत कुठे लिहिलंय? लिहिलेलं नव्हतं. ही गोष्ट कुणी विचारलीच नव्हती. साहेबांनी पगारवालीला बोलावलं, दोघांनी जुना नियम काढला, आणि शेवटी सगळ्यांच्याच फोडीखाली एक ओळ वाढली: मंजूर वैद्यकीय रजेचे दिवस हजेरी भत्त्यासाठी हजेरी समजले जातील. तिचा कायम पगारही साहेबांनी वर सरकवला, निम्म्याहून बराच वर. तेवढा भार सेक्शनमधल्या सगळ्यांवर चिमूटचिमूट वाटला गेला. कामगिरीचा भाग रजेत मिळणार नव्हता. तो नाहीच. तिने त्यावर स्वतंत्र उत्तर लिहिलं, मान्य आहे म्हणून, आणि स्वतः नेऊन दिलं.

चिमूटचिमूट गेलं ते लोकांना कळलं. पॉलिशवाला दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. कडा कापणारी बाई मात्र आपली फोड घेऊन बँकेत जाऊन आली आणि म्हणाली, चालतंय गं, एवढं चालतंय. पण तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस? घारीपाशी याचं उत्तर होतं, पण ते मास्तरांचं नाव घेतल्याशिवाय देता येण्यासारखं नव्हतं. तिने दिलं नाही. कुणाला कळायचं ते कळलंच. सेक्शनमधले कागद हळूहळू सरळ वर जायला लागले आणि मास्तरांच्या टेबलावरचा गठ्ठा पातळ झाला. रीत ज्या पावलांनी आली होती त्याच पावलांनी गेली.

घरी तिने फोड भावापुढे ठेवली. भावाने बोट फिरवत वाचली आणि विचारलं, किती बुडणार? तिने खरं ते सांगितलं, हा एक भाग येणार नाही. भावाने त्या भागावर बोट टेकवलं. भावजय दारात उभी होती. मग तो म्हणाला की हा भाग माझ्या दुकानासारखाच दिसतोय, आला तर आला. तो नाही आला म्हणून मी मरायचं का? आणि त्याने इस्पितळात फोन लावायला सांगितलं. भावजय स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि डोळे धुऊन बाहेर आली.

फोन झाल्यावर भाऊ खूश होता. म्हणाला, ताई, उद्या पहिल्यांदा मास्तरांना सांग. त्यांनी तुझ्यासाठी किती केलंय.

"सांगेन," ती म्हणाली. भावाला काही सांगायचं नाही हे तिने जिना उतरतानाच ठरवलं होतं. ज्याला आपलं रक्तमांस द्यायचं त्याला आपली जखम कशाला द्यायची? पण त्या रात्री तिला झोप आली नाही. मास्तरांवर राग असता तर ती झोपली असती. राग माणसाला दमवून झोपवतो. हे काहीतरी दुसरं होतं: घरातला एक खांब गेला आहे आणि छत अजून पडलेलं नाही, अशा घरात पाठ टेकायची कशी, तसं.

कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी तिने हंगामी आलेल्या मुलीला टेबल समजावून दिलं. काळं कापड कुठे, मेणाची पेन्सिल कुठे, परत पाठवायच्या ट्रेवर खूण कशी करायची. काच धरायला शिकवताना तिच्या तोंडात मास्तरांचेच शब्द आले, काचेवरून नजर घसरू द्यायची. ते तिने गिळले नाहीत. शिकवणं खरं होतं. तेवढं तरी खरं होतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

सुटायच्या वेळी मास्तर टेबलापाशी आले. कितीतरी दिवसांनी आले होते. हंगामी मुलगी हात धुवायला गेली तोवर थांबले आणि मग म्हणाले, "घारी, तारीख कोणती ठरली? मी येईन इस्पितळात. रक्त लागलं तर माझं."

ते मनापासून बोलत होते. हे ओळखायला तिला काळं कापड लागत नव्हतं. पूर्वीची ती असती तर तारीख, वेळ, वॉर्ड, डॉक्टरांचं नाव, आपल्याला वाटणारी भीती, सगळं एका दमात सांगून मोकळी झाली असती. शब्द जिभेवर आलेही.

"अर्ज पगार विभागात दिलाय, मास्तर," ती म्हणाली. "तारीख त्यात आहे."

मास्तरांनी मान हलवली. दोनदा हलवली. मग तिच्या टेबलावरचा दिवा, जो तिने चालू ठेवला होता, तो बंद करायला हात पुढे केला. तिचाही हात त्याच वेळी गेला होता. दोघांचेही हात मागे आले. दिवा तसाच जळत राहिला, आणि ती पिशवी उचलून दाराकडे निघाली.